भोवऱ्याचा हिशेब

महत्त्वमापनाच्या सरावपत्रिकेत शंकू, वृत्तचिती, गोल आणि अर्धगोल यांची एकेकट्याची उदाहरणे संपली की दोन घनाकृती एकमेकींस जोडून सिद्ध झालेल्या वस्तूंची उदाहरणे सुरू होतात, आणि ज्या विद्यार्थ्याला सारी सूत्रे मुखोद्गत आहेत असा विद्यार्थीही बहुधा याच ठिकाणी अडखळतो. याचे कारण सूत्रांच्या अज्ञानात नसते. घनफळ आणि पृष्ठफळ या दोन राशी जोडाच्या प्रसंगी अगदी निरनिराळ्या रीतीने वागतात, ही गोष्ट त्याला कोणी थांबून सांगितलेली नसते. दोन घनाकृती जोडल्या म्हणजे त्यांच्या घनफळांची सरळ बेरीज होते. पृष्ठफळांची मात्र तशी होत नाही. हे एवढेसे विधान साऱ्या अंगांनी उलगडून पाहण्यासाठी या प्रकरणात एकच वस्तू पुढे घेतली आहे, आणि ती म्हणजे अर्धगोलावर शंकू बसविल्याने होणारी आकृती, अर्थात उलटा धरलेला लाकडी भोवरा.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत किंवा कोणत्याही गावच्या जत्रेत मिळणारा भोवरा हातात घेऊन पाहावा. त्याचे डोके घुमटासारखे गोल असते आणि त्याखालचा भाग निमुळता होत जाऊन जेथे लोखंडी आर ठोकलेली असते तेथे संपतो. खऱ्या भोवऱ्याचे डोके अगदी काटेकोर अर्धगोल नसते, बाजूही किंचित फुगीर असते. पण सरावपत्रिका या वस्तूला आदर्श रूप देते, आर विसरते, आणि एक अर्धगोल व एक शंकू समान त्रिज्येच्या वर्तुळावर अचूक जुळले आहेत असे गृहीत धरते. आपणही तसेच धरू. भोवऱ्याचा व्यास ४.२ सेंटिमीटर आहे आणि टोकापासून डोक्यापर्यंतची एकूण उंची ४.९ सेंटिमीटर आहे, एवढाच तपशील उदाहरणात दिलेला असतो. आणि लाकूड किती लागले व रंगीत लाख किती क्षेत्रावर चढवावी लागेल, असे दोन प्रश्न विचारलेले असतात. पहिला प्रश्न घनफळाचा आहे, दुसरा पृष्ठफळाचा.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, शंकूची उंची उदाहरणात दिलेली नाही. दिलेली आहे ती साऱ्या वस्तूची उंची, आणि तीत अर्धगोलाचाही वाटा आहे. अर्धगोलाची उंची त्याच्या त्रिज्येएवढीच असते, म्हणून व्यासाच्या निम्मे २.१ सेंटिमीटर वजा केले असता शंकूची उंची २.८ सेंटिमीटर उरते. शंकूच्या वक्रपृष्ठासाठी ही लंब उंचीसुद्धा पुरत नाही, तेथे तिरकस उंची हवी असते, म्हणजे टोकापासून काठापर्यंत लाकडाच्या अंगावरून मोजलेली लांबी. पायथागोरसच्या प्रमेयाने २.१ चा वर्ग ४.४१ आणि २.८ चा वर्ग ७.८४ मिळून १२.२५ होतात, आणि त्याचे वर्गमूळ ३.५ येते. उदाहरण रचणाऱ्याने तीन, चार, पाच या प्रसिद्ध काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना ०.७ ने गुणून हे आकडे योजले आहेत, २.१ ही सातच्या पटीतील त्रिज्याही २२/७ हे मूल्य सहज कापले जावे म्हणूनच आली आहे.

जो विद्यार्थी ही वजावट करावयास विसरतो आणि ४.९ हीच शंकूची उंची समजतो, त्याला तिरकस उंची सुमारे ५.३३ मिळते आणि पुढचा सारा हिशेब बिघडतो. हा दोष स्वतःच्या वहीतच पकडण्याची एक खात्रीची खूण आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितलेली आढळते. त्रिकोणाची कोणतीही बाजू इतर दोन बाजूंच्या बेरजेहून लहान असते. म्हणून तिरकस उंची ही लंब उंची आणि त्रिज्या यांच्या बेरजेहून नेहमी कमीच भरली पाहिजे. परंतु समान त्रिज्येच्या अर्धगोलावर शंकू बसविला असता लंब उंची अधिक त्रिज्या हीच तर वस्तूची एकूण उंची! तेव्हा अशा वस्तूत तिरकस उंची एकूण उंचीपेक्षा कधीही मोठी असू शकत नाही. आपले ३.५ हे उत्तर ४.९ च्या आत आहे, ५.३३ बाहेर आहे. आणि ज्याने एकूण उंचीच शंकूची उंची म्हणून वापरली त्याचे उत्तर दरवेळी बाहेरच जाणार, कारण कर्ण हा काटकोनाच्या बाजूपेक्षा मोठाच असतो. अर्थात ही कसोटी हा विशिष्ट प्रमाद एकदाही निसटू देत नाही.

आता घनफळ पाहू. शंकूचे घनफळ म्हणजे पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंची यांचा एक तृतीयांश. पायाचे क्षेत्रफळ २२/७ गुणिले ४.४१, म्हणजे १३.८६ चौरस सेंटिमीटर, त्याला २.८ ने गुणून तिनाने भागले की १२.९३६ घन सेंटिमीटर येतात. अर्धगोलाचे घनफळ त्रिज्येच्या घनाला π ने गुणून त्याचे दोन तृतीयांश घेतल्यास १९.४०४ येते. दोहोंची बेरीज ३२.३४ घन सेंटिमीटर, आणि लाकडाचा प्रश्न येथेच सुटतो. या बेरजेला काहीही आक्षेप नाही, कारण लाकडाचा प्रत्येक कण एकतर शंकूच्या भागात असतो नाहीतर अर्धगोलाच्या. दोन्हीकडे तो मोजला जात नाही आणि कोठेही सुटत नाही.

तथापि हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असता त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बरोबर दोनास तीन निघते, आणि हे योगायोगाने घडलेले नाही. अर्धगोलाचे घनफळ हे त्याच पायावरील आणि दोन त्रिज्या उंचीच्या शंकूच्या घनफळाइतके असते. आपल्या भोवऱ्यात शंकूची उंची २.८ आणि दोन त्रिज्या मिळून ४.२, म्हणून दोनास तीन. हा संबंध एकदा मनात ठसला म्हणजे साऱ्या भोवऱ्याचे घनफळ एका ओळीत लिहिता येते: एकूण उंचीत आणखी एक त्रिज्या मिळवावी आणि तेवढ्या उंचीचा, त्याच पायाचा एकच शंकू कल्पावा. येथे ४.९ अधिक २.१ म्हणजे ७, त्याला १३.८६ ने गुणून तिनाने भागले की ३२.३४. दोन वेगवेगळ्या वाटांनी तेच उत्तर आले म्हणजे हिशेबावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही, आणि मी तर प्रत्येक विद्यार्थ्याला हाच दुसरा मार्ग पडताळ्यासाठी वापरावयास सांगेन.

अर्धगोल दोन त्रिज्यांच्या शंकूइतका का भरतो, हे पाहणे कठीण नाही, आणि ते पाहिल्याखेरीज सूत्र पाठ करणे हे मला तरी अपुरे वाटते. अर्धगोल सपाट बाजूवर पालथा ठेवावा. शेजारी तेवढ्याच त्रिज्येची आणि त्रिज्येएवढ्याच उंचीची वृत्तचिती ठेवावी, आणि तिच्यातून एक शंकू कोरून काढावा, ज्याचे टोक खालच्या तळाच्या मध्यावर आणि ज्याचा पाया वरच्या तोंडाएवढा आहे. आता दोन्ही वस्तू जमिनीपासून एक सेंटिमीटर उंचीवर आडव्या कापल्या अशी कल्पना करू. अर्धगोलाच्या कापाचे वर्तुळ किती मोठे? पुन्हा पायथागोरसच्या प्रमेयाने त्याच्या त्रिज्येचा वर्ग ४.४१ वजा १, म्हणजे ३.४१ येतो. वृत्तचितीच्या कापात पूर्ण वर्तुळ उरत नाही, मध्ये कोरलेल्या शंकूचे भोक असते; शंकूची उंची आणि पायाची त्रिज्या सारखीच असल्याने एक सेंटिमीटर उंचीवर त्या भोकाची त्रिज्याही एक सेंटिमीटरच असते, आणि उरलेल्या कड्याचे क्षेत्रफळ ४.४१ वजा १ ला π ने गुणून, म्हणजे तंतोतंत तेवढेच, निघते. उंची कोणतीही घ्या, दोन्ही काप समान. सर्व काप समान असल्यावर दोन्ही घनफळे समान असलीच पाहिजेत. आणि वृत्तचितीतून एक तृतीयांश शंकू गेल्यावर दोन तृतीयांश उरते. म्हणूनच समान त्रिज्येचे आणि त्रिज्येएवढ्या उंचीचे शंकू, अर्धगोल आणि वृत्तचिती यांची घनफळे एक, दोन आणि तीन या प्रमाणात असतात.

सिराक्यूझच्या आर्किमिडीजला गोल आणि वृत्तचिती यांतील हा संबंध ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध करता आला, आणि त्याला त्याचे एवढे अप्रूप होते की आपल्या समाधीवर याच दोन आकृती असाव्यात अशी त्याची इच्छा होती. ख्रिस्तपूर्व ७५ मध्ये सिसिलीत रोमन अंमलदार म्हणून आलेल्या सिसेरोने झाडाझुडपांत हरवलेली ती समाधी याच आकृतींवरून ओळखली. आपल्याकडे गोलाच्या घनफळाचा मार्ग इतका सरळ नव्हता. आर्यभटाच्या गणितपादात मध्यवर्तुळाचे क्षेत्रफळ त्याच्याच वर्गमुळाने गुणावे असा नियम आहे, २.१ त्रिज्येच्या गोलाला तो लावला तर सुमारे ५१.६ घन सेंटिमीटर येतात, आणि खरे घनफळ ३८.८ च्या आसपास आहे. एवढी तफावत पाण्याच्या भांड्यात गोळा बुडविला तरी उघड झाली असती. शुद्ध नियम भास्कराचार्यांच्या लीलावतीत आढळतो: मध्यवर्तुळाच्या चौपट ते गोलाचे पृष्ठफळ, आणि पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहांनी भागले की घनफळ. आपल्या त्रिज्येसाठी पृष्ठफळ ५५.४४ आणि घनफळ ३८.८०८, ज्याचा अर्धा भाग वर आलेला १९.४०४ हाच आकडा आहे. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला, त्या भास्कराचार्यांनी या नियमाची उपपत्तीही दिली आहे: गोलाच्या पृष्ठावर लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येकापासून केंद्रापर्यंत जाणाऱ्या सूच्या मोजाव्यात, प्रत्येक सूचीचे घनफळ पाया गुणिले त्रिज्या भागिले तीन, आणि साऱ्या पायांची बेरीज म्हणजे पृष्ठफळ.

आता लाखेकडे, म्हणजे पृष्ठफळाकडे येऊ. येथे अनेकांच्या वहीत पुढील प्रकार आढळतो. विद्यार्थी शंकूचे एकूण पृष्ठफळ काढतो, त्यात पायाचे वर्तुळ अंतर्भूत असते. मग अर्धगोलाचे एकूण पृष्ठफळ काढतो, त्यातही सपाट वर्तुळ अंतर्भूत असते. आणि दोहोंची बेरीज मांडतो. आकड्यांत सांगावयाचे तर शंकूचे वक्रपृष्ठ २२/७ गुणिले २.१ गुणिले ३.५ म्हणजे २३.१, पायासह ३६.९६, अर्धगोलाचे वक्रपृष्ठ २७.७२, सपाट बाजूसह ४१.५८, आणि बेरीज ७८.५४. खरे उत्तर २३.१ अधिक २७.७२, म्हणजे ५०.८२ चौरस सेंटिमीटर. फाजील आलेले २७.७२ हे त्या दोन वर्तुळांचे क्षेत्रफळ होय.

ही वर्तुळे का वगळावीत, हे भोवरा घडतो कसा याकडे लक्ष दिले की आपोआप स्पष्ट होते. कातारी एक शंकू आणि एक अर्धगोल वेगवेगळे करून चिकटवीत नाही. तो एकाच ठोकळ्यावर पटाशी चालवून दोन्ही आकार काततो. ज्या वर्तुळावर आपण कल्पनेने शंकू आणि अर्धगोल वेगळे केले, ते वर्तुळ लाकडाच्या पोटात आहे, तेथे पृष्ठभाग असा कधी नव्हताच. त्यावर लाख चढणार कोठून? आणि दोन तुकडे खरोखरच सरसाने चिकटविले असते तरी दोन्ही सपाट बाजू एकमेकींवर बसून झाकल्या गेल्या असत्या. म्हणजे जोडाच्या जागी प्रत्येक तुकडा आपले एक वर्तुळ गमावतो, एकूण दोन वर्तुळे जातात. काही विद्यार्थी एकच वर्तुळ वजा करून ६४.६८ असे उत्तर देतात, आणि ते अर्धे बरोबर असल्यामुळे त्यातील चूक समजावून सांगणे अधिक कठीण जाते.

सरावपत्रिका तपासणाऱ्याला या प्रमादाचे एक लक्षण उपयोगी पडेल. दोन वर्तुळांचे क्षेत्रफळ आणि अर्धगोलाचे वक्रपृष्ठ हे दोन्ही त्रिज्येच्या वर्गाला 2π ने गुणून येतात. म्हणजे ते नेहमी समानच असतात. म्हणून दोन्ही एकूण पृष्ठफळे मिळविणाऱ्याचे उत्तर शुद्ध उत्तरापेक्षा बरोबर एका अर्धगोलाने जास्त येते, जणू भोवऱ्याला दोन डोकी आहेत. शुद्ध सूत्र πr(l + 2r) असे लिहिले तर अशुद्ध उत्तर πr(l + 4r) होते. πr येथे ६.६ आहे, उत्तराला त्याने भागावे आणि ३.५ वजा करावेत: ४.२ उरले तर हिशेब शुद्ध, ८.४ उरले तर वर्तुळे आत शिरली आहेत, आणि ६.३ उरले तर एकच वर्तुळ वगळले आहे.

याच ठिकाणी π च्या मूल्याविषयी एक सूचना करणे अवश्य आहे. २२/७ घेऊन ५०.८२ येतात, ३.१४ घेऊन ५०.७७ च्या जवळ, आणि π चे अधिक सूक्ष्म मूल्य घेतल्यास ५०.८०. तेव्हा उदाहरणात कोणते मूल्य वापरावयाचे हे नमूद नसेल तर ५०.८२ आणि ५०.७७ ही दोन्ही उत्तरे स्वीकारार्ह मानली पाहिजेत, आणि तसे न मानता एखाद्या मुलाचे गुण कापणे हा अन्यायच होय. लाकडाचा भोवरा दशांश मिलिमीटरपर्यंतही अचूक कातला जात नाही. मग दुसऱ्या दशांशस्थळावरून वाद कशासाठी?

कातारी ज्या गोल ठोकळ्यापासून आरंभ करतो तो निदान ४.२ व्यासाची आणि ४.९ उंचीची वृत्तचिती तरी असला पाहिजे, आणि तिचे घनफळ ६७.९१४ घन सेंटिमीटर आहे. तीतून ३२.३४ चा भोवरा निघतो, म्हणजे निम्म्याहून अधिक लाकूड भुसा होऊन खाली पडते. यात डोक्याच्या भागात वृत्तचितीचा केवळ एक तृतीयांश भाग वाया जातो आणि निमुळत्या भागात दोन तृतीयांश. भोवरा जितका लांबट करावा तितके वाया जाणाऱ्या लाकडाचे प्रमाण दोन तृतीयांशाकडे सरकत जाते. घनफळाच्या उदाहरणात असा वजाबाकीचा प्रश्न विचारला असता विद्यार्थी बहुधा चुकत नाही, कारण काढलेले लाकूड गेलेच, हे त्याला दिसते. पृष्ठफळात वजाबाकी दिसत नाही, आणि कधी कधी तर काढून घेतल्याने पृष्ठफळ वाढते.

हा शेवटचा मुद्दा पटण्यासाठी भोवऱ्यात थोडा फेरफार करू. शंकू तोच ठेवावा, त्रिज्या २.१ आणि उंची २.८, परंतु त्याच्या पायाच्या मध्यावर १.४ त्रिज्येचा लहान अर्धगोल बसवावा. आता अर्धगोल शंकूचा पाया पूर्ण झाकत नाही, सभोवार एक सपाट कडे उघडे राहते, आणि लाख त्यावरही चढवावी लागते. कड्याचे क्षेत्रफळ ४.४१ वजा १.९६ ला २२/७ ने गुणून, म्हणजे ७.७. शंकूचे वक्रपृष्ठ २३.१, लहान अर्धगोलाचे वक्रपृष्ठ १२.३२, आणि कडे ७.७, मिळून ४३.१२ चौरस सेंटिमीटर. त्रिज्या असमान असताना कडे विसरणे हा दोन्ही वर्तुळे मोजण्याच्या नेमका उलट दोष आहे. तेथे नसलेले मोजले गेले, येथे असलेले सुटले. घनफळ मात्र पूर्वीप्रमाणेच सरळ आहे: १२.९३६ अधिक ५.७४९, म्हणजे सुमारे १८.६८५.

आणि जर तोच लहान अर्धगोल बसविण्याऐवजी शंकूच्या पायातून तेवढाच खळगा कोरून काढला तर? घनफळ १२.९३६ वजा ५.७४९, म्हणजे सुमारे ७.१८७ उरते, पण पृष्ठफळ अक्षरशः तेच राहते, ४३.१२. खळग्याची आतील बाजू ही अर्धगोलाच्या बाहेरील बाजूएवढीच असते आणि कडेही तेच असते. अखंड शंकूचे पृष्ठफळ ३६.९६ होते, लाकूड काढून घेतल्यावर ते सहाहून अधिक चौरस सेंटिमीटरांनी वाढले. एवढेच नव्हे, तर या उदाहरणात खळग्याची त्रिज्या मनास येईल तेवढी घेता येत नाही. पायाच्या मध्यापासून शंकूच्या बाजूपर्यंतचे लंबांतर त्रिज्या आणि लंब उंची यांच्या गुणाकाराला तिरकस उंचीने भागून, म्हणजे २.१ गुणिले २.८ भागिले ३.५, असे १.६८ सेंटिमीटर भरते. १.४ ची त्रिज्या त्याच्या आत असल्याने खळग्याभोवती सर्वांत पातळ जागी २.८ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहते. पण एखाद्या सरावपत्रिकेत हीच त्रिज्या १.७५ दिलेली आढळली, तर सूत्रांनी उत्तर निमूटपणे येईल, वही तपासून बरोबरही ठरेल, आणि तरीही तसा शंकू कोणत्याही कातारीला करता येणार नाही, कारण पटाशी शंकूच्या बाजूतून बाहेर निघालेली असेल.